सरकारी की खासगी? मराठवाड्यातल्या पदवीधरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार येणारे प्रश्न

तालुक्याच्या कॉलेजातून पदवी घेतलेल्या मुलामुलींना नोकरीबद्दल सल्ला द्यायचं काम मी करतो. जिंतूर, सेलू, माजलगाव, वसमत, अहमदपूर अशा गावांतून मुलं येतात, पुष्कळदा सोबत वडील किंवा मामा असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. खालची उत्तरं बीए, बीकॉम किंवा बीएस्सी झालेल्या, वय बावीस-तेवीस असलेल्या आणि घरी चार-पाच एकर कोरडवाहू असलेल्या मुलामुलींना धरून लिहिली आहेत. इंजिनिअर, नर्सिंगवाले आणि बीएड झालेले यांचं गणित वेगळं आहे.

सर, एका वाक्यात सांगा. सरकारी का खासगी?

साध्या पदवीवर सरकारी नोकरीचा पगार खासगीपेक्षा चांगला आहे, त्यात वादच नाही. वाद आहे तो ती लागेपर्यंतच्या वर्षांचा. म्हणून मी मुलांना तीन गोष्टी विचारतो. तयारीला किती वर्षं देणार? ती वर्षं कुणाच्या पैशावर काढणार? आणि नाही जमलं तर थांबायची तारीख कोणती? या तिन्हींची उत्तरं तयार असली तर मुलगा कुठल्याही बाजूला गेला तरी घर बुडत नाही. नसली तर चांगल्या मार्कांचा, मेहनती मुलगासुद्धा तिशीला येऊन अडकतो, आणि अशी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत.

हातात नेमके किती पडतात? तलाठ्याला किती आणि वाळूजच्या कंपनीत किती?

तलाठ्याचं मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर त्यात १४,००० ची भर पडते. वर घरभाडं अडीच हजारांच्या आसपास. एकूण ४२,००० होतात. त्यातून पेन्शनच्या खात्यात मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याचे १० टक्के, म्हणजे चार हजारांच्या जवळ, कापले जातात. व्यवसाय कर आणि गटविमा गेला की हातात साडेसदतीस हजार उरतात. लिपिकाचं मूळ वेतन १९,९०० पासून आहे, तो त्याच प्रमाणात खाली येतो. पीएसआय, एएसओ, एसटीआय यांचं ३८,६०० पासून सुरू होतं. दर वर्षी ३ टक्के वेतनवाढ असते आणि महागाई भत्ता वाढतो तो वेगळा.

आता वाळूज किंवा शेंद्र्याचं बघू. मुलगा घरी येऊन सांगतो, दोन लाख चाळीस हजारांचं पॅकेज आहे. वडील मनात भागाकार करतात, महिन्याला वीस हजार. पहिला पगार खात्यात येतो सोळा हजार, आणि घरात शंका येते की पोरगं बाकीचे कुठं उडवतंय. पोरगं काही उडवत नाही. पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा पीएफ, कामगार विम्याचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची रक्कम आधीच धरलेली असते. मूळ पगार दहा हजार असेल तर यातच दोन-सव्वादोन हजार जातात. मग मुलाच्या वाट्याचा पीएफ १,२००, विम्याचे सव्वाशे-दीडशे आणि व्यवसाय कर २०० कापला की उरतात १६,२०० च्या आसपास. बोनस पॅकेजमध्येच धरलेला असेल तर महिन्याचा आकडा आणखी खाली येतो.

यातला पीएफ हा मुलाचाच पैसा आहे, तो वाया जात नाही. कामगार विमाही कामाचा आहे. पगार २१,००० पर्यंत असेल तर विमा लागू होतो आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्यात उपचार मिळतात. वडिलांची शुगर किंवा आईचे गुडघे यांवर दर महिन्याला खर्च करणाऱ्या घराला ही लहान गोष्ट नाही. तरी पुष्कळ मुलं विम्याच्या कार्डावर आईवडिलांची नावं चढवतच नाहीत. पहिल्या महिन्यातच चढवून घ्या.

पण सरकारीत म्हातारपणी पेन्शन असते ना?

वडिलांच्या डोळ्यांसमोर असते ती गावातल्या रिटायर गुरुजींची पेन्शन. ती जुनी योजना १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नाही. आता मुलाच्या पगारातून १० टक्के आणि सरकारकडून १४ टक्के एका खात्यात जमा होतात आणि बाजारात गुंतवले जातात. कर्मचाऱ्यांच्या संपानंतर राज्याने २०२४ मध्ये सुधारित योजनेचा पर्याय दिला. त्यात पुरेशी सेवा झालेल्याला शेवटच्या पगाराच्या प्रमाणात निवृत्तिवेतनाची हमी आहे. म्हणजे पेन्शन आहे, पण गुरुजींसारखी नाही. सरकारचे १४ टक्के हा फायदा मोठाच आहे, तो मात्र हिशेबात जरूर धरा.

तयारीला किती वर्षं द्यावीत?

माझं मत तीन. ते कुठून आलं ते पैशांत मांडून दाखवतो.

समजा जिंतूर तालुक्यातला एक मुलगा आहे, वय २२, बीएस्सी. तो छत्रपती संभाजीनगरला राहून पूर्णवेळ तयारी करतो. खोलीचा वाटा अडीच हजार, मेस तीन हजार, अभ्यासिका एक हजार, आणि फॉर्म, पुस्तकं, गावी येणं-जाणं मिळून दीड हजार. महिन्याला आठ हजार झाले. तीन वर्षांत २ लाख ८८ हजार, आणि एखादा क्लास लावला तर तीस हजार वर. सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर.

घरच्या बाजूने हा पैसा कसा दिसतो तेही बघा. चार एकर सोयाबीन, एकरी साडेसहा क्विंटल उतारा आणि ४,२०० चा भाव धरला तर १ लाख ९ हजार येतात. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी यांचे एकरी सोळा हजार वजा केले की वर्षाला ४५,००० उरतात. तयारीचा खर्च वर्षाला ९६,०००. खरिपाच्या दोन वर्षांच्या नफ्यातून मुलाचं एक वर्ष निघतं, आणि हे पाऊस नीट झाला तर. उरलेली रक्कम कुठून येते, ती पीककर्जातून, म्हशीच्या दुधातून की व्याजाने, हे मुलाला माहीत असायला हवं. विचारलं तर निम्म्या मुलांना ते सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. तोच मुलगा वाळूजला लागला असता तर खर्च जाऊन महिन्याला सहा हजार मागे पडले असते. तीन वर्षांत २ लाख १६ हजार. खर्च झालेले आणि न कमावलेले मिळून तीन वर्षांची किंमत सव्वापाच लाखांच्या थोडी वर जाते. पंचविसाव्या वर्षी तो तलाठी झाला तर हातात साडेसदतीस हजार. खासगीत तोवर बावीस हजारांपर्यंत पोचला असता असं धरू. महिन्याला पंधरा-सोळा हजारांचा फरक पडतो, म्हणजे तीन वर्षांच्या आत सगळं भरून निघतं. तीन वर्षांचा डाव खेळण्यासारखा आहे, तो असा.

पण हाच मुलगा आणखी तीन वर्षं बसला आणि पोस्ट मिळाली नाही तर? राहण्या-खाण्याचे सहा लाख होतात. न कमावलेले पैसेही तेवढेच, कारण नंतरच्या वर्षांत पगार वाढलेला असता. बारा लाखांच्या पुढे आकडा जातो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो त्याच सोळा हजारांवर रुजू होतो, बावीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी. घराला खड्ड्यात घालतात ती ही दुसरी तीन वर्षं.

तीन वर्षांत तीन प्रयत्न तरी होतात ना?

होतातच असं नाही. तलाठी भरती २०१९ मध्ये झाली, नंतर थेट २०२३ मध्ये. बाविसाव्या वर्षी चार मार्कांनी राहिलेला मुलगा पुढच्या परीक्षेला सव्वीस वर्षांचा होता. २०२३ ला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. त्यातले कितीतरी जण तयारी न करता फॉर्म भरणारे असतात हे खरं. ते सोडले तरी एका जागेमागे शंभराच्या आसपास मुलं उरतात असं धरून चालावं.

एमपीएससीच्या तारखाही हलतात. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत १ डिसेंबर २०२४ ला झाली. मधली २५ ऑगस्टची तारीख बँकेच्या आयबीपीएस परीक्षेवरच आली होती आणि त्यावरून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली. २०२५ ची पूर्वपरीक्षा २८ सप्टेंबरला होती. ती आपल्याकडच्या पुरामुळे ९ नोव्हेंबरवर गेली. प्रत्येक वेळी तारीख पुढे जाते तशी खोलीचं भाडं आणि मेसही पुढे चालू राहते. म्हणून वर्षं मोजताना जाहिरात निघालेल्या आणि खरोखर झालेल्या परीक्षा मोजा. “तीन वर्षं अभ्यास केला” म्हणणाऱ्याने कधी दोनच परीक्षा दिलेल्या असतात, कधी सात.

मग थांबावं हे कळतं कसं?

मार्कांवरून कळतं. गट-ब, गट-क संयुक्त पूर्वपरीक्षा १०० मार्कांची, एका तासाची असते, चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. पहिल्या परीक्षेत कटऑफच्या पंधरा मार्क खाली असणं ठीक आहे. दुसऱ्या खऱ्या परीक्षेत पाच-सातच्या आत आलात तर तिसरीला जीव लावावा. दुसरीतही दहा-बारा खालीच असाल तर अभ्यासाचे तास वाढवून फरक पडेल असं मला वाटत नाही.

दुसरी खूण सराव पेपरची. एका वहीत तारीख आणि मार्क लिहीत जा. सहा महिने आकडा जागचा हलला नसेल, आणि चुका त्याच त्याच विषयात, बहुधा गणित-बुद्धिमत्तेत, होत असतील, तर तो विषय कुणाकडून तरी शिकून घ्यायला हवा, अभ्यासिकेत बारा तास बसून तो सुटत नाही. विज्ञान शाखेची नसलेली आपली मुलं इथंच अडतात आणि इतिहास-भूगोल पाचव्यांदा वाचत बसतात, कारण ते येतं.

राज्यसेवेचं आणखी एक. २०२५ पासून तिची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर टिक करण्याची सवय असलेल्याला पानं लिहायची आहेत. संयुक्तची तयारी करता करता राज्यसेवाही होईल, हा हिशेब आता धरू नका.

आधी कुठल्या परीक्षा द्याव्यात?

ज्यांची वयाची अट आधी संपते त्या आधी. हे सांगायला सोपं आहे, पण बहुतेक जण नेमकं उलटं करतात. एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत मुभा आहे. आयबीपीएसच्या लिपिक परीक्षेला २८ आणि बँक अधिकारी परीक्षेला ३० ही कमाल मर्यादा आहे. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत पदागणिक २७, ३०, ३२ अशी. केंद्राच्या या भरत्यांत ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते. मुलगा २२ ते २८ एमपीएससीत घालवतो, मग बँकेचा विचार करतो, तेव्हा लिपिकाचं दार बंद झालेलं असतं. ३८ पर्यंत मुभा आहे म्हणून ३८ पर्यंत तयारी करायची नसते. ती मुभा नोकरी करता करता परीक्षा देणाऱ्यांच्या खऱ्या कामाची आहे.

पहिल्या दीड-दोन वर्षांत बँक, ग्रामीण बँक आणि स्टाफ सिलेक्शन द्या. यांच्या परीक्षा जवळपास दर वर्षी होतात आणि बँकांचे निकालही सहसा ठरल्या वेळी लागतात. गणित आणि बुद्धिमत्तेची जी तयारी होते ती तलाठी आणि संयुक्तलाही उपयोगी पडते. इंग्रजीची भीती हे न देण्याचं कारण सगळे सांगतात. लिपिकाच्या परीक्षेतलं इंग्रजी बीए झालेल्याला सहा महिन्यांत आवाक्यात येतं, हे मी आमच्याकडच्या मुलांत बघितलंय.

दाखल्यांचं इथंच सांगून टाकतो. राज्यात एसईबीसीचा दाखला चालतो, केंद्राच्या भरतीत चालत नाही. तिथं अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा काढावा लागतो, आणि केंद्राच्या भरतीत ईडब्ल्यूएसला वयाची सवलत नाही. ओबीसींना केंद्रासाठी नॉन-क्रिमीलेअर वेगळ्या नमुन्यात लागतं. तहसीलला किंवा सेतूवर “केंद्राचा नमुना” असं स्पष्ट सांगून घ्या, नाहीतर राज्याचाच हातात पडतो आणि कागदपत्र तपासणीच्या दिवशी कळतं.

नोकरी करत अभ्यास होतो का?

कुठली नोकरी आहे त्यावर. कंपनीत तीन पाळ्यांचं काम असेल, दर आठवड्याला पाळी बदलत असेल, तर रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास होत नाही, तो आठवडा सोडूनच द्यायचा. त्यात ओव्हरटाइम घेतला तर पैसे दिसतात आणि पुस्तक महिनाभर उघडत नाही. जनरल पाळी असलेली जागा, जसं स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स, क्वालिटीचं कागदकाम, अशी मिळाली तर पहाटे दोन तास आणि रविवार हाताशी लागतो. एवढ्यावर बँकेची आणि सरळसेवेची तयारी होते. राज्यसेवेची होत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

म्हणून मी बहुतेकांना सुचवतो तो मार्ग असा. पहिलं वर्ष पूर्णवेळ तयारी, तीही शक्यतो गावी किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहून. पाया त्या वर्षात होतो. त्यानंतर जनरल पाळीची नोकरी आणि सोबत परीक्षा. परीक्षेआधी महिनाभर सुट्टी काढायला लागली, पगार कापला गेला, तरी चालतं. यात घरचा खर्च एका वर्षापुरताच राहतो आणि मुलाचा अनुभव दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो.

पहिली खासगी नोकरी घेताना काय बघावं?

पॅकेजच्या आधी हे बघा की तुम्ही कुणाच्या रोलवर आहात. गेटवर बोर्ड मोठ्या कंपनीचा, अंगावर शर्ट त्या कंपनीचा, आणि पगार मात्र कॉन्ट्रॅक्टरकडून, असं वाळूज, चिकलठाणा, जालना सगळीकडे आहे. काम तेच असतं, पण कॉन्ट्रॅक्ट बदललं की मुलगा बाहेर. नेमणुकीच्या पत्रावर नाव कुणाचं आहे ते वाचा. पीएफचा यूएएन नंबर पहिल्या दोन महिन्यांत मागून घ्या आणि पासबुकात पैसे जमा होतात का ते मोबाइलवर तपासा. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो आणि खात्यात नसतो, अशी प्रकरणं माझ्याकडे आली आहेत. ज्यांनी दोन-तीन महिन्यांत पकडलं त्यांना पीएफ कार्यालयात तक्रार करून पैसे मिळाले. दोन वर्षांनी आलेल्यांचा कॉन्ट्रॅक्टरच सापडत नव्हता.

दुसरं, हाताला काय लागणार ते विचारा. वर्षभर फक्त खोके मोजायचे असतील तर दुसऱ्या वर्षी पगार पाचशेने वाढेल. तेच डिस्पॅचमध्ये राहून बिलं, ई-वे बिल, संगणकावरचा स्टॉक हे शिकलात, किंवा बीकॉमवाल्याने टॅली आणि जीएसटीचं रिटर्न हाताने भरायला घेतलं, तर दोन वर्षांनी दुसरीकडे बावीस-पंचवीस हजार मागता येतात. बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनी औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये जावं. तिथली मशीनं चालवायला आलेला मुलगा सहसा बसून राहत नाही. यासाठी मुलाखतीत एकच प्रश्न पुरतो: “या जागेवर आधी जे होते ते आता काय करतात?”

कचेरीत किंवा दवाखान्यात कंत्राटी जागा आहे. ती सरकारी नोकरी धरायची का?

नाही. पगार सरकारी पैशातून येत असला तरी करार अकरा महिन्यांचा असतो किंवा मध्ये एजन्सी असते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून कचेरीत बसलेल्या पदवीधरांना महिना १०,००० मिळाले. पुढे कायम करतील या आशेवर पुष्कळ जण थांबले, पण ते प्रशिक्षणच होतं, मुदत संपली की संपलं. जागा घ्या, काम शिका, पण लग्नाच्या बायोडाटावर “सरकारी नोकरी” लिहू नका आणि त्या भरवशावर कर्ज काढू नका.

एका संस्थेत जागा आहे, पैसे भरून लागेल म्हणतात. जमीन विकून भरावेत का?

भरू नका. हा प्रश्न वडीलच विचारतात, मुलगा बाहेर गेल्यावर, आवाज खाली करून. अनुदानित शाळांमधली शिक्षकभरती आता अभियोग्यता परीक्षा आणि पवित्र पोर्टलमधून होते. “आत्ता विनाअनुदानितवर लावतो, अनुदान आलं की पगार सुरू” असं सांगितलं जातं. त्या अनुदानाची वाट बघत दहा-पंधरा वर्षं फुकट किंवा चार-पाच हजारांवर शिकवणारी माणसं तुमच्याच तालुक्यात असतील, त्यांना जाऊन भेटा. दिलेल्या पैशाची पावती नसते, आणि देणंही गुन्हाच असल्यामुळे तक्रार करायला तोंड राहत नाही. आरोग्य विभागाच्या २०२१ च्या भरतीचे पेपर फुटले, तेव्हा ज्यांनी पैसे दिले होते त्यांतल्या काहींवर पोलीस ठाण्यात बसायची वेळ आली. विकलेलं एकर परत घेता येत नाही. एवढे पैसे उभे राहत असतील तर त्यात मुलाची तीन वर्षांची स्वच्छ तयारी होते आणि वर उरतात.

वडिलांना खासगी नोकरी, नोकरीच वाटत नाही. त्यांच्याशी कसं बोलू?

सेलूजवळच्या एका गावचे बापलेक माझ्यासमोर बसले होते. मुलाची चार वर्षं झाली होती.

“आबा, अजून एकच वर्ष द्या.”

“मागच्या साली बी एकच म्हणला होतास. कधीलोक द्यायचं तेवढं सांग.”

मुलगा गप्प. वडील रागावलेले नव्हते, त्यांना खरंच तारीख हवी होती, म्हणजे धाकटीच्या लग्नाचा आणि बँकेच्या हप्त्याचा मेळ घालता आला असता. आपली मुलं समजतात की वडिलांना फक्त सरकारीच हवं असतं. खोलात गेलं की दिसतं, त्यांना मुलगा उन्हात राबू नये, त्याचा पगार थांबू नये आणि सोयरिकीत मान राहावा, एवढं हवं असतं. सरकारी हे त्यांना त्याचं एकच माहीत असलेलं नाव आहे.

त्या दिवशी आम्ही एका कागदावर लिहिलं. समोर कोणत्या दोन परीक्षा आहेत, त्यांचा निकाल अंदाजे कधी, घरून महिन्याला किती लागतील, आणि दोन्ही नाही झाल्या तर कोणत्या महिन्यात कामाला लागायचं. खाली मुलाने सही केली, वडिलांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. भांडण तिथंच मिटलं असं नाही, पण पुढे बोलायला दोघांना काहीतरी हातात होतं. तुम्हीही हेच करा. आणि नोकरी धरली तर पहिल्या महिन्यापासून घरी दोन-तीन हजार पाठवा, ठरलेल्या तारखेला. “पोराचे पैसे दर पाच तारखेला येतात” हे वडिलांना चार माणसांत सांगता आलं की कंपनीची नोकरीही नोकरी वाटायला लागते.

सोयरिकीचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी खोटा ठरवणार नाही. मुलीकडचे सरकारी विचारतात, शेतकरी मुलाला तर विचारतही नाहीत. पण अठ्ठावीस वर्षांचा, “तयारी करतो” सांगणारा मुलगा आणि त्याच वयाचा, कंपनीच्या रोलवर पाच वर्षं झालेला, तीस हजारांचा मुलगा यांत कुणाला स्थळ येतं, ते गावात बघून घ्या.

मुलींसाठी उत्तर वेगळं आहे का?

हो, कारण मुलीला घरातून वर्षंच कमी मिळतात. मुलाला पाच वर्षं देणारं घर मुलीला “एक वर्ष बघ, नाहीतर स्थळ आलंय” म्हणतं. म्हणून मुलींनी दर वर्षी होणाऱ्या परीक्षाच आधी धराव्यात, बँक आणि ग्रामीण बँक, आणि राज्याच्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे त्याचा फॉर्म भरताना न विसरता लाभ मागावा. नोकरी हाताशी असेल तर लग्नाची बोलणी मुलीच्या बाजूने होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरा हजारांची का होईना, स्वतःच्या नावावर पगार येणारी नोकरी धरून अभ्यास चालू ठेवलेल्या मुलींना घरून जास्त वेळ मिळतो, हे मी वारंवार पाहतो.

चार वर्षं गेली आहेत. कंपनीवाले गॅप विचारतात, काय सांगू?

खरं सांगा, आकड्यांसकट. “तयारी करत होतो” एवढ्यावर समोरचा नाक मुरडतो. “दोनदा पूर्व पास झालो, मुख्यमध्ये इतक्या मार्कांनी राहिलो, मार्चमध्ये थांबलो आणि नंतर तीन महिने टॅली शिकलो” यावर तो पुढचा प्रश्न विचारतो. थांबलो हा शब्द महत्त्वाचा, कारण त्याला भीती असते ती तुम्ही पुढच्या जाहिरातीला सोडून जाल याची. तयारी केलेल्यांना खासगी बँकांचं कर्जवाटप, विमा, मायक्रोफायनान्स अशा ठिकाणी लवकर घेतात. मायक्रोफायनान्सची वसुली मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. सकाळी सहाला गावात हजर राहून हप्ते गोळा करायचे असतात, आणि अवकाळी झाली की लोकांच्या दारात उभं राहायला जीव होत नाही.

ऑफर आली आणि परीक्षा वीस दिवसांवर आहे. काय करू?

एचआरला मेल करून रुजू व्हायची तारीख पंधरा-वीस दिवस पुढे मागा. कारण परीक्षा असं न लिहिता “घरगुती काम” लिहिलं तरी चालतं. बहुतेक ठिकाणी मिळते, कारण त्यांनाही नोटीस पिरियडची सवय असते. नाही म्हणाले आणि जागा कंपनीच्या रोलवरची, जनरल पाळीची असेल, तर रुजू व्हा आणि परीक्षेच्या दिवशी रजा टाका. कॉन्ट्रॅक्टरची असेल तर परीक्षा द्या, तशी जागा पुढच्या महिन्यातही मिळते.